लिव्हर धक्के मारतोय? डिस्क बदलण्याआधी जाडी आणि रनआउट मोजून बघा

पुढचा ब्रेक हलकेच दाबला की लिव्हर बोटांना मागे ढकलतो, सैल होतो, पुन्हा ढकलतो. गाडी हळू होत जाते तसे हे धक्केही हळू होत जातात आणि थांबायच्या आधी शेवटचे दोन-तीन तर मोजता येतात. गॅरेजमध्ये दाखवलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: "डिस्क बेंड झालीय, बदलावी लागेल." हे उत्तर बऱ्याचदा बरोबरही असतं. पण डिस्क आणि पॅड बदलून, पैसे मोजून घरी आलेल्या कितीतरी गाड्या काही महिन्यांत पुन्हा तसेच धक्के मारायला लागतात, कारण धक्क्यांचं मूळ कुठे आहे हे कुणी मोजलेलंच नसतं.

मी यातून गेलो आहे, घरातल्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांवर हे मोजमाप करतो, आणि नव्या माणसाला ते सुट्टीच्या दिवशी घरी जमेल अशी माझी खात्री आहे. इथे मी १२५ ते २५० सीसीच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. म्हणजे पुढे एकच डिस्क आणि पिनांवर सरकणारा कॅलिपर. मोठ्या गाडीला दोन डिस्क असतील तर प्रत्येक डिस्क वेगळी मोजायची, बाकी पद्धत तीच.

आधी हे समजून घ्या: लिव्हर नेमका का हलतो

डिस्क डगमगते म्हणून लिव्हर हलतो, असं सरसकट समजलं जातं. ते अर्धंच खरं आहे. डिस्क फिरताना डावी-उजवीकडे झुलते त्याला रनआउट म्हणतात, आपल्याकडे लेथवर "आउट मारते" म्हणतात तेच. पण सरकणारा कॅलिपर नीट मोकळा असेल, तर डिस्क झुलते तसा तोही तिच्यासोबत थोडा डावी-उजवीकडे सरकतो. दोन पॅडमधलं अंतर बदलत नाही, पिस्टन मागे ढकलला जात नाही, आणि लिव्हरला फारसं काही कळत नाही.

लिव्हर हलतो तो डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसली की. जाड भाग पॅडच्या मधून जाताना पिस्टनला मागे रेटतो, ब्रेक ऑइल होज पाइपातून वर ढकललं जातं आणि ते थेट तुमच्या बोटांना जाणवतं. मास्टर सिलिंडरचा पिस्टन कॅलिपरच्या पिस्टनपेक्षा बराच लहान असतो. त्यामुळे खाली मिलिमीटरच्या काही शतांशांची हालचाल झाली तरी वर लिव्हरच्या टोकाला ती कितीतरी पटींनी मोठी होऊन येते. म्हणून डोळ्यांना अजिबात न दिसणारा फरक हाताला स्पष्ट लागतो.

मग रनआउट मोजायचाच कशाला? कारण जाडीतला फरक बहुतेक वेळा रनआउटमुळेच तयार होतो. ब्रेक सोडलेला असतानाही पॅड डिस्कच्या अगदी लगत उभे असतात. डिस्कचा बाहेर झुकलेला भाग दर फेरीला पॅडला पुसटसा घासून जातो आणि तेवढीच जागा हळूहळू झिजते. हजारो किलोमीटर हे चाललं की डिस्क एका जागी पातळ होते आणि धक्के सुरू होतात. नवी डिस्क टाकून पुन्हा तोच त्रास होतो तो याच वाटेने: डिस्क नवी आली, पण ती ज्यावर बसते ती हबची बैठक गंजलेलीच राहिली, म्हणून नवी डिस्कही पहिल्या दिवसापासून वाकडी फिरायला लागली.

काय काय लागेल

- गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल. मालकाला मिळणारी पुस्तिका नव्हे, मेकॅनिकसाठीचं. रनआउटची मर्यादा आणि बोल्टचा टॉर्क त्यातच मिळतो.
- ० ते २५ मिमीचा मायक्रोमीटर, ०.०१ मिमी वाचणारा.
- डायल गेज, तोही ०.०१ मिमीचा, आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड.
- तीन-चार मिमी जाडीची लोखंडी पट्टी आणि एक जी-क्लॅम्प. ही कशाला ते पुढे येईलच.
- मार्कर, ब्रेक क्लीनर, वायर ब्रश, १२० नंबरचा पॉलिश पेपर.
- कॅलिपरच्या पिनांसाठी सिलिकॉन ग्रीस, टॉर्क पाना, बोल्टच्या डोक्याप्रमाणे चांगली एलन की किंवा टॉर्क्स बिट.

मायक्रोमीटर आणि डायल गेज एकदाच्या कामासाठी विकत घ्यायची गरज नाही. पुण्यात भोसरीला, कोल्हापुरात उद्यमनगरात, नाशकात अंबडला, किंवा तुमच्या गावच्या कोणत्याही लेथवाल्याकडे या दोन्ही गोष्टी रोजच्या वापरात असतात. ओळख काढून अर्ध्या दिवसासाठी मागा, नाहीतर चाक काढून त्याच्याकडेच घेऊन जा.

१. धक्का डिस्कचाच आहे ना, हे रस्त्यावर ठरवा

मोकळा, सपाट, सरळ रस्ता निवडा. चाळीसच्या वेगावर थ्रॉटल सोडा आणि दोन बोटांनी फक्त पुढचा ब्रेक हलका, एकसारखा दाबून ठेवा. नंतर तसंच फक्त मागच्या ब्रेकने करा.

पुढच्या ब्रेकला लिव्हर चाकाच्या फेरीसोबत हलत असेल तर संशय डिस्कवर. ९०/९०-१७ टायरचा घेर जवळपास १.८६ मीटर आहे. त्यामुळे ३६ च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण साडेपाच वेळा फिरतं आणि १८ च्या वेगाला त्याच्या निम्मं. एका फेरीला एक धक्का, कधी दोन, आणि वेग कमी होताना त्याच प्रमाणात धक्केही कमी होत जाणं, ही डिस्कची खूण.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर, विशेषतः रेतीवर किंवा ओल्या रस्त्यावर, लिव्हर भराभर थरथरतो. ते एबीएसचं काम चालू असल्याचं लक्षण आहे, बिघाड नाही. हलक्या ब्रेकला ते होत नाही. दुसरं, लिव्हर स्थिर राहतो पण हँडल आणि पुढचा भाग कटकट करत मागेपुढे हलतो, असं असेल तर आधी कोनसेट तपासा. त्यासाठी पुढचा ब्रेक दाबून उभी गाडी पुढेमागे रेटायची आणि हँडलखालच्या सांध्यावर बोट ठेवायचं. खेळ असेल तर बोटाला लगेच कळतो.

२. चाक उचला आणि डोळ्यांनी बघा

गाडी डबल स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा किंवा जॅक लावून पुढचं चाक जमिनीपासून सोडवा. गाडी थंड असू द्या, गरम डिस्कवरचं माप खरं धरू नका.

चाक वर-खाली आणि आडवं धरून हलवा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर पुढची सगळी मापं निरर्थक आहेत, आधी बेअरिंग बदला. मग हाताने चाक फिरवून कान द्या. फेरीत एकाच जागी "घस्स" असा आवाज येत असेल तर तिथे डिस्क पॅडला लागते आहे.

डिस्कवर काय शोधायचं? निळसर-जांभळा डाग म्हणजे तिथे ती प्रचंड तापली होती. पॅडच्या आकाराचा काळपट ठसा म्हणजे तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरल्यामुळे त्याचं मटेरियल चिकटलेलं आहे. आंबोली किंवा वरंधासारखा घाट ब्रेकवर उतरून आल्यावर लगेच पायथ्याला थांबून लिव्हर आवळून बसलं की हा ठसा उमटतो. छिद्रांच्या कडेला केसासारख्या रेषा दिसल्या आणि नख फिरवल्यावर अडकल्या, तर त्या भेगा आहेत. भेगाळलेली डिस्क मोजत बसू नका, ती बाद.

आणि डिस्कच्या आतल्या भागावर, बोल्टांच्या आसपास, इंग्रजीत "मिन. टीएच." आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ३.५ मिमी. ही त्या डिस्कची किमान जाडी. मातीखाली दिसत नसेल तर कापडाने पुसून शोधा आणि वहीत लिहून ठेवा.

३. कॅलिपर आधी मोकळा करा

ही पायरी वगळून थेट डिस्कवर जाणारे खूप आहेत. पण पावसाळा-उन्हाळा काढलेल्या गाडीत कॅलिपरच्या पिना रबरी बुटाखाली गंजून जाम झालेल्या मला वारंवार दिसतात. कॅलिपर जाम असला की तो डिस्कसोबत सरकू शकत नाही. मग डिस्कचा साधा, मर्यादेतला रनआउटही पिस्टनला मागे रेटतो आणि लिव्हर हलायला लागतो. डिस्क निर्दोष असते आणि पकडली जाते तीच.

कॅलिपरचे दोन बोल्ट काढा, तो दोरीने हँडलला बांधून ठेवा. होज पाइपावर लोंबकळू देऊ नका. पॅडच्या मधे लाकडाची चिपटी सरकवा, म्हणजे चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येणार नाही. कॅलिपर ब्रॅकेटवर हाताने सरकवून बघा. बोटांच्या जोराने, न अडखळता सरकला पाहिजे. अडखळला तर पिना काढून जुनं ग्रीस पुसा, गंज पॉलिश पेपरने घासा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं किंवा लाल ग्रीस इथे वापरू नका, त्याने रबरी बूट फुगतात आणि पिना पुन्हा अडकतात.

पिना खरोखरच जाम होत्या असं आढळलं, तर सगळं परत बसवा, लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा आणि पुन्हा रस्त्यावर बघा. काम इथेच संपलेलं असू शकतं.

४. जाडी मोजा: आठ ठिकाणी

टायरच्या व्हॉल्व्हसमोरची जागा एक नंबर धरा आणि तिथून समान अंतरावर आठ खुणा करा. खुणा डिस्कच्या आतल्या भागावर करायच्या, पॅड घासतो त्या पट्ट्यावर नाही.

व्हर्निअर इथे फसवतो. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाही, त्यामुळे बाहेरची कड न झिजता तशीच उंच उरते. तिच्यावर नख फिरवलं तरी पायरी लागते. व्हर्निअरचे जबडे त्या कडेवरच टेकतात आणि तो झिजलेल्या डिस्कचीही जवळपास नवी जाडी दाखवतो. मायक्रोमीटरची तोंडं लहान असतात, ती कडेच्या आत, झिजलेल्या पट्ट्यावर टेकवता येतात. पट्टा पुसून घ्या, छिद्र टाळा, मागची रॅचेट दोन-तीन वेळा टिकटिक वाजेपर्यंत फिरवा आणि वाचा. आठही ठिकाणी कडेपासून सारख्याच अंतरावर मोजा.

मायक्रोमीटर मिळालाच नाही तर फीलर गेजची १ मिमीची दोन पानं पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी धरा, वरून व्हर्निअर लावा आणि आलेल्या मापातून २ मिमी वजा करा. डिस्क किमान जाडीच्या वर आहे की खाली, इतपत त्यावरून ठरतं. जाडीतला बारीक फरक मात्र त्यावरून ठरवू नका, तेवढी त्याची कुवत नाही.

आता दोन आकडे बघायचे. सर्वांत कमी माप हे डिस्कवर कोरलेल्या आकड्याच्या वर हवं. आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी मापातला फरक. चांगल्या डिस्कमध्ये तो ०.०१-०.०२ मिमीच्या पुढे सहसा जात नाही. ०.०५ च्या आसपास पोचला की लिव्हरला जाणवणारच.

५. रनआउट मोजा

कॅलिपर काढलेलाच असू द्या. आता लोखंडी पट्टीची गरज लागते. पुढच्या फोर्कचा खालचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असतो, त्यावर मॅग्नेटिक स्टँड चिकटतच नाही. स्टँड जमिनीवर ठेवून मोजायला जाल तर गाडी स्टँडवर जरा हलली तरी काटा हलेल. म्हणून पट्टी कॅलिपरच्याच बोल्टांच्या भोकांत बोल्टने आवळा, किंवा खाली कापड घेऊन जी-क्लॅम्पने फोर्कला धरा, आणि मॅग्नेट त्या पट्टीवर बसवा.

डायल गेजची टोकणी डिस्कला काटकोनात, बाहेरच्या कडेपासून पाच-सहा मिमी आत टेकवा. टोकणी साधारण एक मिमी आत दबलेली हवी, म्हणजे काट्याला दोन्ही बाजूंना जायला जागा राहते. चाक टायरला धरून सावकाश फिरवा, डिस्कला हात लावू नका. काटा सर्वांत कमी दाखवतो तिथे थांबा, तबकडी फिरवून शून्य करा आणि पूर्ण फेरी मारा. काटा जिथवर जातो तो आकडा म्हणजे एकूण रनआउट. सर्वांत उंच जागा कोणत्या नंबरच्या खुणेपाशी येते तेही लिहा, पुढच्या पायरीत तेच लागणार आहे.

टोकणी छिद्रात पडली की काटा उडतो. बहुतेक डिस्कवर छिद्र नसलेला अरुंद पट्टा सापडतो. नाहीच सापडला तर दर खुणेपाशी टोकणी उचलून पुन्हा टेकवत मोजा. फेरी दोनदा मारा. दोन्ही वेळा काटा त्याच जागी तोच आकडा दाखवत नसेल तर पट्टी किंवा स्टँड सैल आहे.

मर्यादा किती? ती गाडीगणिक बदलते. काही कंपन्या ०.१० किंवा ०.१५ मिमी देतात, काही ०.३० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या मॅन्युअलचा आकडाच धरा. एवढं मात्र लक्षात असू द्या की ०.३० ही "याच्या पुढे वापरूच नका" अशी मर्यादा आहे. नीट बसवलेली नवी डिस्क त्याच्या बरीच आत असते.

डायल गेज अजिबात मिळत नसेल तर केबल टाय फोर्कला बांधून त्याचं कापलेलं टोक डिस्कला जेमतेम टेकेल असं ठेवा. चाक फिरवून जिथे सर्वांत जास्त फट दिसते तिथे फीलर गेज घाला. यातून ०.१ मिमीपर्यंतचा अंदाज येतो. मोठा वाकडेपणा पकडायला एवढं पुरतं.

६. वाकडी डिस्क आहे की हब?

रनआउट जास्त आला म्हणून लगेच दुकान गाठू नका. चाक उतरवा. एबीएसची गाडी असेल तर सेन्सर आणि त्याची दातेरी चकती सांभाळा. चाक खाली ठेवताना डिस्कची बाजू कायम वर.

डिस्क आणि हबवर मार्करने समोरासमोर खूण करा आणि बोल्ट सोडवा. या बोल्टांना कारखान्यातच लॉकटाइट लावलेलं असतं. जोर लावून एलन कीचं भोक गोल करण्यापेक्षा हीट गनने बोल्ट तापवा, लॉकटाइट मऊ होतं आणि बोल्ट सुटतो.

आता हबची बैठक बघा. गंजाचे पापुद्रे, रंगाचे थेंब, सुकलेलं लॉकटाइट, एखादा खडा, काहीही सापडू शकतं. बैठकीवर ०.०५ मिमीचा पापुद्रा असला तर डिस्कच्या बाहेरच्या कडेला तो दुपटीहून अधिक दिसतो, कारण कड मध्यापासून बैठकीच्या दुपटीहून जास्त लांब असते. बैठक आणि डिस्कची मागची बाजू वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने हलकेच साफ करा. धातू खरवडायचा नाही, घाण काढायची.

डिस्क परत बसवताना ती एक बोल्ट पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा डायल लावा. तीन शक्यता असतात. रनआउट मर्यादेत आला, तर घाणच कारण होती. उंच जागा डिस्कसोबत पुढे सरकली, तर डिस्क वाकडी आहे. उंच जागा हबवर पूर्वीच्याच ठिकाणी राहिली, तर हबची बैठक वाकडी आहे आणि कितीही डिस्क बदलल्या तरी फरक पडणार नाही.

एक उदाहरण, आकड्यांसकट

माझ्या पुतण्याच्या १५० सीसी गाडीचं हे माप. डिस्कवर किमान जाडी ३.५ मिमी कोरलेली, मॅन्युअलमध्ये रनआउटची मर्यादा ०.१५. कॅलिपर मोकळा होता.

आठ खुणांवरची जाडी क्रमाने अशी आली: ३.७८, ३.७८, ३.७७, ३.७५, ३.७२, ३.७१, ३.७४, ३.७७. सर्वांत कमी ३.७१, म्हणजे डिस्कमध्ये अजून ०.२१ मिमी जीव शिल्लक. फक्त जाडी बघणाऱ्याने ती पास केली असती. पण फरक ०.०७ मिमी. डायलवर रनआउट ०.२४ आणि उंच जागा सहा नंबरच्या खुणेपाशी, म्हणजे जिथे डिस्क सर्वांत पातळ तिथेच. दर फेरीला तीच जागा पॅडला घासत होती, हे यावरून उघड झालं.

हबची बैठक साफ करून, डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून बसवली. रनआउट ०.२२, आणि उंच जागा डिस्कसोबत सरकलेली. रिकाम्या हबच्या बैठकीवर डायल फिरवला तर फक्त ०.०२. म्हणजे दोष पूर्णपणे डिस्कचा. विचारल्यावर कळलं की काही महिन्यांपूर्वी टायर बदलला होता आणि पंक्चरच्या दुकानात चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर ठेवून त्यावर पाय देऊन टायर उतरवला होता. डिस्क वाकण्याचं हे आपल्याकडचं फार नेहमीचं कारण आहे. दुसरं तितकंच नेहमीचं म्हणजे डिस्क लॉक काढायचं विसरून गाडी पुढे रेटणं.

नवी डिस्क बसवल्यावर रनआउट ०.०५ आला. धक्के गेले.

७. बदलायची की नाही

जाडी कोरलेल्या आकड्याच्या खाली गेली किंवा भेग दिसली, तर डिस्क बदला. इथे "अजून चालेल" म्हणायला जागा नाही. पातळ डिस्क लवकर तापते, आणि पॅडही झिजलेले असतील तर पिस्टन गरजेपेक्षा जास्त बाहेर येतो.

जाडी पुरेशी आहे पण तिच्यातला फरक ०.०५ च्या घरात आहे, तर माझं मत स्पष्टपणे बदला असंच आहे. लेथवर "फेस मारून" घ्यायचा सल्ला मिळेल. चारचाकीच्या जाड डिस्कला ते ठीक आहे. दुचाकीची चार-पाच मिमीची डिस्क टूलच्या दाबाने थरथरते, पृष्ठभागावर लाटा राहतात आणि किमान जाडीपर्यंतचं उरलेलं मटेरियल त्यातच संपतं. सरफेस ग्राइंडिंग जरा बरं, पण वाकलेली डिस्क मॅग्नेटवर सपाट ओढली जाते आणि सुटली की पुन्हा वाकते.

जाडी सारखी आहे, बैठक साफ केली, तरीही रनआउट मर्यादेबाहेर आहे, तरी बदला. पाना लावून डिस्क सरळ करून देणारे मिळतात. मी ते करून घेणार नाही, कारण वाकवून सरळ केलेला धातू तापला की पुन्हा हलतो, आणि हा पुढचा ब्रेक आहे.

दोन्ही मापं चांगली आहेत आणि धक्के तरीही आहेत, तर पॅडचा चिकटलेला ठसा हे कारण धरा. डिस्कच्या दोन्ही बाजू १२० च्या पॉलिश पेपरने तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांत हाताने घासा, ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडचा चकचकीत थर सपाट काचेवर पेपर ठेवून उतरवा. घासताना मास्क लावा आणि ती पूड फुंकून उडवू नका.

हब वाकडा निघाला तर चाक बदलणं किंवा चांगल्या मशीन शॉपमध्ये बैठक तपासून घेणं, एवढेच मार्ग आहेत. बैठकीखाली शिम घालून रनआउट जुळवू नका.

८. नवी डिस्क बसवताना

नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बघा. बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळा आणि शेवटी मॅन्युअलमधला टॉर्क द्या. त्याच ८ मिमीच्या बोल्टला कुठे २३ न्यूटन-मीटर सांगितलेला असतो, कुठे ४२. त्यामुळे दुसऱ्या गाडीचा आकडा वापरू नका. नवे बोल्ट वापरायला सांगितलं असेल तर नवेच घ्या.

पॅडही नवे टाका. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या खाचा असतात आणि नव्या डिस्कला ते मोजक्याच रेषांवर टेकतात. पिस्टन मागे ढकलताना वरच्या टाकीतून ब्रेक ऑइल बाहेर येऊ शकतं, ते रंग खातं. टाकीभोवती ओलं फडकं गुंडाळा. कॅलिपर बसवण्याआधी एकदा डायल लावून नव्या डिस्कचा रनआउट वहीत लिहून ठेवा. पुढे कधी धक्के आले तर तुलनेला हाच आकडा कामी येतो.

गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेला असताना पहिला ब्रेक लागतच नाही, लिव्हर सरळ हँडलला टेकतो. अंगणातच चार पावलं ढकलून ब्रेक लागतो हे बघा आणि मगच किक मारा.

मग मोकळ्या रस्त्यावर चाळीसवरून दहापर्यंत, मध्यम जोराने, पंधरा-वीस वेळा वेग उतरवा. प्रत्येक वेळी मधे थोडं अंतर चालवून डिस्क गार होऊ द्या, आणि या काळात पूर्ण थांबून लिव्हर दाबून उभं राहू नका. पहिले काही ब्रेक सैल वाटतील. पॅड आणि डिस्क एकमेकांना बसत गेले की पकड वाढते. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर डिस्कचे बोल्ट आणि कॅलिपरचे बोल्ट एकदा टॉर्क पान्याने तपासा.

पुढच्या वेळी टायरवाल्याकडे चाक दिलंत की तिथेच उभे राहा आणि डिस्कची बाजू वर ठेवायला सांगा.